वीसच्या पुढचं अक्षर

खटाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी औषधं देते. लोक मला ‘गोळ्यावाल्या बाई’ म्हणतात. एकवीस वर्षं झाली. खिडकीपलीकडून चिठ्ठी येते, मी ती वाचते, गोळ्या मोजते, बाटली देते आणि कसं घ्यायचं ते सांगते. माझं सगळं काम एवढंच आहे, आणि ते मला येतं असं मी फेब्रुवारीपर्यंत धरून चालले होते.

दादा माझा थोरला भाऊ. आमचं माहेर विट्याजवळ. तिथल्या निम्म्या घरांतले पुरुष गलाईच्या धंद्यात बाहेर, तसा तोही अठराव्या वर्षी तामिळनाडूत गेला. जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची, शुद्ध करून द्यायचं, हे काम त्यानं तीस वर्षं केलं. परत आला तेव्हा पाय सुजलेले आणि पोट पुढं आलेलं. सांगलीतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि यकृत आकसलंय म्हणाले. जुन्या काविळीचा विषाणू कधीतरी अंगात शिरला होता आणि आत काम करत राहिला होता. दादानं आयुष्यात दारूला हात लावला नाही. पण लिव्हर म्हटल्यावर गावानं जे समजायचं ते समजून घेतलं, आणि वहिनी प्रत्येकाला सांगत बसायची, “आवं, न्हाई पीत ह्ये. कवाच न्हाई.”

फेब्रुवारीत पोटातलं पाणी काढायला त्याला सांगलीला ठेवलं होतं. सहाव्या दिवशी घरी सोडलं. त्या दिवशी मी नव्हते. आमच्याकडं तपासणीचं पथक आलं होतं, रजा मिळाली नाही. वहिनी एकटीच त्याला घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. माझ्या खिडकीसमोर तेव्हा चाळीस तरी माणसं उभी होती.

“वन्सं, त्या गोड औषधाचं इचारायचं हुतं. पातळ, पाकावानी हाय बगा. किती द्यायचं?”

लॅक्ट्युलोज. यकृत थकलं की आतड्यात तयार होणारं विष रक्तात साचतं आणि मेंदूवर चढतं. हे औषध पोट साफ ठेवून ते बाहेर काढतं. मला ते चांगलं माहीत होतं. खांद्यानं फोन कानाशी धरून मी एका म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या पुडीत भरत होते.

“कार्डावर काय लिहिलंय?”

“वीस लिवलंय. तीन टाईम. आन् वीसच्या पुढं नऊच्या आकड्यावानी कायतरी काढलंय.”

“ते सोडा. वीस ना? मग वीस मिली द्या. टोपणाला रेघा आहेत बघा. एक टोपण भरून पंधरा, आणि वर पाचच्या रेघेपर्यंत.”

“बरं. सकाळ, दुपार, संध्याकाळ?”

“हो. तीनदा.”

फोन ठेवला. म्हातारीला पुडी दिली. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा गेलं नसेल. ते मिनिट मी आता इतक्यांदा परत ऐकलंय, की त्यातली म्हातारी कोणत्या रंगाचं लुगडं नेसली होती तेही मला सांगता येईल.

वहिनी सातवी शिकलेली. पण तिच्याइतकं काटेकोर माणूस मी पाहिलेलं नाही. तिनं टोपण डोळ्यासमोर धरून, रेघेला रेघ लावून औषध दिलं. एक वेळ चुकवली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन टिंबं काढली.

आठवडाभरानं ती म्हणाली, “दिवसभर झोपत्यात, आन् रातच्याला टक्क जागं.” मी म्हणाले, दवाखान्यातून आल्यावर माणसाची झोप इकडची तिकडं होते. हे सुद्धा मीच म्हणाले. झोप उलटी होणं ही त्या विषाची पहिली खूण असते, हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. संडासला किती वेळा होतं, हे मात्र मी विचारलं नाही. आणि नणंदेला फोनवर ते आपणहून सांगण्याइतकी वहिनी निर्भीड नव्हती.

बाराव्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन आला.

“वन्सं, ह्ये मला वळखंनात. तमिळ बोलाय लागल्यात माझ्यासंगं. कायतरी मागत्यात, मला कळंना काय मागत्यात.”

मी मायणीमार्गे गेले. दादा पलंगाच्या कडेला बसला होता. सदऱ्याची बटणं एक सोडून एक लावलेली. माझ्याकडं बघून तो तमिळमध्ये काहीतरी रागावून बोलला आणि हात पुढं करून थांबला, जणू मी त्याच्या हातात काही ठेवायचं विसरले होते. तीस वर्षांपूर्वीच्या त्या दुकानात तो उभा होता आणि आम्ही दोघी तिथं कुणीतरी परक्या बाया होतो.

गाडी करून तासगावमार्गे सांगली गाठली. तरुण डॉक्टर होते. त्यांनी दादाला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले. मनगटं मधूनच गळायची, परत वर यायची, परत गळायची. डॉक्टरांनी नर्सला काही सांगितलं आणि आमच्याकडं वळले.

“संडासला दिवसातून किती वेळा होत होतं?”

वहिनी खाली बघत म्हणाली, “येकदा. कवा दिसाआड.”

“दोन-तीन वेळा व्हायला पाहिजे होतं. कार्डावर लिहिलंय. लॅक्ट्युलोज किती देत होता?”

“वीस.”

“वीस काय?”

वहिनीला प्रश्नच कळला नाही. “वीस,” ती परत म्हणाली. “टोपणानं. तीन टाईम.”

डॉक्टरांनी तिच्या हातातलं कार्ड घेतलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे वीस ग्रॅम आहे. ग्रॅम औषध. तुम्ही वीस मिली दिलं. वीस मिली कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी तिथंच उभी होते. वहिनीच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. एक क्षणभरच. मग डॉक्टरांकडं बघून म्हणाली, “मीच समजले तसं, साहेब. अडाणी हाय मी.”

“अडाणी असाल तर विचारायचं,” डॉक्टर म्हणाले. फार ओरडले नाहीत. थकलेले होते. “हे काही खोकल्याचं औषध नाही. यावर माणसाचं भान अवलंबून असतं.”

“व्हय,” वहिनी म्हणाली.

मी बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं होतं हे मला आठवतं. मग डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले आणि ती वेळ निघून गेली.

वहिनीनं घरची बाटली पिशवीत घालून आणली होती. ती घेऊन मी व्हरांड्यात गेले. लेबल बारीक अक्षरात. मी चष्मा पुसला आणि वाचलं. लॅक्ट्युलोज सहासष्ट पूर्णांक सात टक्के, आकारमानास वजन. माझ्या धंद्यातल्या पहिल्या महिन्याचा धडा तो. पातळ औषधावर टक्के असले, की शंभर मिलीत तितके ग्रॅम औषध. म्हणजे इथं शंभर मिलीत सहासष्ट पूर्णांक सात ग्रॅम. एका मिलीत साधारण दोनतृतीयांश ग्रॅम. वीस मिलीत तेरा ग्रॅम आणि वर थोडं. वीस ग्रॅम पोटात जायला तीस मिली हवं. दोन टोपणं काठोकाठ. पंधरा अधिक पाच अशी कसरतही करावी लागली नसती.

दिवसाला साठ ग्रॅम जायला हवे होते, चाळीस गेले. अकरा दिवस, तेहेतीस वेळा. प्रत्येक वेळी दहा मिली कमी. म्हणजे तीनशे तीस मिली, दोनशे मिलीच्या दीड बाटलीहून जास्त औषध त्याच्या पोटात जायला हवं होतं आणि गेलं नाही. लेबल खोटं नव्हतं, कार्डही खोटं नव्हतं. वीसच्या पुढं नऊसारखं काढलंय म्हणून वहिनीनं मला स्वतःहून सांगितलं होतं. ते इंग्रजी ‘जी’ होतं. हातानं घाईत लिहिलेला जी नऊसारखाच दिसतो. मी असे हजार जी वाचले असतील.

हा हिशोब मी तोंडी केला. पाव मिनिटात झाला. त्या दिवशी खिडकीत तेवढाच वेळ लागला असता.

व्हरांड्यातून परत आत आले तर वहिनी दादाच्या पायाशी बसली होती. नर्स खालच्या वाटेनं तेच औषध देऊन गेली होती आणि वहिनी त्याला पुसत होती. मी म्हणाले, “वहिनी, तुम्ही असं का सांगितलं डॉक्टरांना?”

ती पुसायची थांबली नाही. “तुमाला नोकरी हाय,” म्हणाली. “मला कोण काय करणार हाय?”

मी बादली उचलली आणि न्हाणीघरात जाऊन रिकामी करून आणली. त्या तीन दिवसांत मी बादल्या खूप उचलल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा मराठीत बोलला. “पाणी दे,” एवढंच. वहिनी रडली. तिसऱ्या दिवशी त्यानं मला ओळखलं आणि विचारलं, “बाय, तू कवा आलीस?” डॉक्टरांनी नवं कार्ड लिहून दिलं. या वेळी मी समोर उभी राहून त्यांच्याकडून ग्रॅमच्या शेजारी मिली लिहून घेतलं. वीस ग्रॅम, म्हणजे तीस मिली, तीन वेळा. दोन-तीनदा पोट साफ होईल असं कमी-जास्त करायचं. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही कुणी यातल्या आहात का?” मी म्हणाले, “हो, थोडीफार.” खरं सांगायची ती दुसरी संधी होती. तीही मी घालवली.

दादा घरी आला, पण तो पूर्ण परत आला नाही. चालायचा, जेवायचा, बोलायचा. पण बोलता बोलता शब्द हरवायचा आणि शोधत बसायचा. पूर्वी गिऱ्हाइकाचा दागिना हातात घेऊन, तोंडानं टंच, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती ते सांगून, त्यातून किती सोनं निघेल ते बोटांवर न मोजता सांगणारा माणूस तो. आता वर्तमानपत्राची एकच ओळ दोनदा वाचायचा.

एप्रिलमध्ये मी दोन दिवस जाऊन राहिले. वहिनी विट्याला बाजाराला गेली होती. दुपारचं औषध मी दिलं. दोन टोपणं. दादानं रिकामं टोपण माझ्या हातात दिलं आणि बाटली उचलून लेबलाकडं बघत राहिला.

“ह्ये सहासष्ट पाइंट सात टक्के काय गं?”

“त्यात औषध किती आहे ते. शंभर मिलीत जवळजवळ सदुसष्ट ग्रॅम.”

“म्हंजे टंच हाय की. शंभर वजनात?”

“वजनात नाही. मापानं शंभर.”

“बरं. मापानं.” त्याला ते आवडलं होतं. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर कामाचं काहीतरी आलं. “मग दोन टोपणांत किती?”

“तू सांग.”

तो बोटं मोजायला लागला. तीस. सदुसष्ट. मधेच हरवला, परत सुरुवातीला गेला. मला बघवेना, पण मी सांगितलंही नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “ईस. ईस ग्रॅम.”

“बरोबर.”

“आन् पैल्यांदा ती काय देत हुती? दीड टोपणाच्या आसपास.”

“एक टोपण आणि पाच. वीस मिली.”

“वीस मिली,” तो म्हणाला आणि पुन्हा बोटांवर गेला. आता मला उठून जावंसं वाटलं. पण मी बसून राहिले. तेवढं तरी मी करायला हवं होतं. “तेरा,” तो म्हणाला. “तेराला कायतरी वर. म्हंजे सात कमी पडत हुतं.”

“हो.”

“तिनं कमी दिलं?”

“तिनं नाही दादा. तिनं मला फोन करून विचारलं होतं. मीच वीस मिली सांगितलं. वीसच्या पुढं काहीतरी लिहिलंय म्हणाली, ते मी ऐकूनही सोडून दिलं.”

त्यानं बाटली खाली ठेवली. मला वाटलं त्याला पूर्ण कळलं नसावं. तसं वाटलं तेव्हा मला बरं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटते. पण त्याला कळलं होतं.

“डाक्टर तिला बोललं, तवा त्येंस्नी तू ह्ये सांगितलंस?”

“काय?”

“ती म्हणत हुती, डाक्टर बोललं मला, माझी चूक झाली म्हणून. रडत हुती घरी आल्यावर.” तो थांबला, शब्द शोधला. “तवा तू हुतीस ना तितं?”

“होते.”

“आन् गप हुतीस?”

मी मान हलवली. तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नव्हे. दागिना घासून बघितल्यावर आत तांबं निघालं, तर गिऱ्हाइकाला ते कसं सांगावं म्हणून तो जसा थांबायचा, तसा थांबला. मग म्हणाला, “दमलो मी,” आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

वहिनी बाजारातून आली तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, माझी चूक झाली, मी डॉक्टरांना जाऊन सांगते. ती भाजी निवडत होती. “आता काय उपेग,” म्हणाली. “त्यांस्नी इतकी माणसं आस्त्यात, ते इसरून बी गेलं असतील.” आणि थोड्या वेळानं, “मी न्हाई इसरले.” ती डॉक्टरांचं बोलणं विसरली नाही, की माझं गप्प राहणं, ते मी विचारू शकले नाही.

श्रावणात दादाला रक्ताची उलटी झाली. परत सांगली. तेच डॉक्टर. अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. त्यांनी दुर्बीण घालून बांधल्या, रक्त दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. जाताना तमिळ नाही, मराठी नाही, काहीच बोलला नाही.

कागदपत्रं होईपर्यंत मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून होते. ते बाहेर आले तेव्हा मी उभी राहिले आणि एका दमात सांगितलं. मी फार्मासिस्ट आहे. फेब्रुवारीतलं वीस मिली मी सांगितलं होतं. वहिनीचा दोष नव्हता. मला माझाच आवाज फार मोठा वाटला. डॉक्टरांना आधी आठवेना. मग आठवलं.

“हे रक्तस्रावाचं वेगळं आहे,” ते म्हणाले. “त्याचा याच्याशी संबंध लावू नका.”

“मग ते भान जाण्याचं? त्यानंतर तो पहिल्यासारखा झालाच नाही.”

“तेव्हा त्यांच्या पोटात जंतुसंसर्गही होता. पुरं औषध जाऊनही झालं असतं, किंवा नसतं झालं. सांगता येत नाही.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि परत घेतला. “बाई, यकृत मुळातच संपलेलं होतं.”

हे त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं. पण मला त्यातलं ‘सांगता येत नाही’ तेवढंच ऐकू आलं, आणि अजून तेवढंच ऐकू येतं. हो म्हणाले असते तर मी तो भार उचलला असता. नाही म्हणाले असते तर कदाचित झोप लागली असती.

खिडकीत आता मी प्रत्येक पातळ औषधाच्या बाटलीवर पेनानं मिली आणि ग्रॅम दोन्ही लिहिते. रांग थांबते, लोक कुरकुरतात. परवा एक माणूस म्हणाला, “आवं बाई, मुतखड्याचं औषध हाय, सोन्याचा भाव न्हाई लिवायचा.” मी लिहीत राहिले. यानं काही भरून निघतं असं मला वाटत नाही. हात थांबत नाही म्हणून लिहिते.

तेराव्यानंतर निघताना वहिनीनं माझ्या पिशवीत दोन न फोडलेल्या बाटल्या घातल्या. “तुमच्या दवाखान्यात कुणा गरिबाच्या उपेगी पडतील.” बाहेरून विकत आणलेली औषधं मला सरकारी साठ्यात घेता येत नाहीत. हे मी तिला सांगितलं नाही, बरं म्हणाले. घरी आणून त्या कपाटावर ठेवल्या. एका रविवारी उतरवल्या, दोन्हींचं सील फोडलं आणि मोरीत ओतल्या. पाकासारखं हळू गेलं ते. बादलीभर पाणी टाकलं, तरी चिकट राहिलं. दुसऱ्या दिवशी तिथं मुंग्या लागल्या. मी पुसून काढल्या. परत आल्या. आठवडाभर येत होत्या.